मधल्या रिकाम्या पडद्यावरचं बल

थर्मोकोलचे दोन लहान गोळे घ्या, प्रत्येकाची त्रिज्या दोन सेंटिमीटर. दोघांवर सारखाच धन विद्युतभार द्या, समजा ०.१ मायक्रोकूलोम, आणि त्यांची केंद्रं एकमेकांपासून २० सेंटिमीटरवर ठेवा. शार्ल ऑगस्तँ द कूलोम यांनी १७८५ साली पिळाच्या तराजूवर तपासलेला नियम लावला, तर हे गोळे एकमेकांना सुमारे २.२५ मिलिन्यूटन बलाने दूर ढकलतात. पाव ग्रॅमच्या आसपास वजन, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. हे उत्तर मिळायला एक ओळीचं गणित पुरतं.

तेच उत्तर काढण्याची दुसरी एक वाट आहे. ती लांबची आहे आणि वरवर पाहता वेडेपणाचीही वाटते. त्या वाटेने जाताना गोळ्यांकडे बघायचंच नाही. दोघांच्या बरोबर मध्ये, दोघांपासून दहा-दहा सेंटिमीटरवर, चारी बाजूंना अमर्याद पसरलेला एक सपाट पडदा कल्पायचा. पडदा कशाचाही नाही, तिथे फक्त हवा आहे. या पडद्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून किती बल पलीकडे जातं ते मोजायचं आणि सगळ्याची बेरीज करायची. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण डेव्हिड ग्रिफिथ्स यांच्या विद्युतगतिकीच्या पाठ्यपुस्तकात भेटतं. बहुतेक जण ते सोडवून, उत्तर जुळलं की पुढे जातात. मला मात्र वाटतं, खरी गंमत उत्तर जुळल्यावर सुरू होते.

रिकाम्या जागेतून बल ‘जातं’ म्हणजे काय? रस्सीखेचीत दोर ताणलेला असतो. दोन्ही संघ नजरेआड असले, तरी दोराच्या मधल्या कुठल्याही एका छेदाशी किती ताण आहे हे कळलं की एक संघ दुसऱ्याला किती ओढतोय ते कळतं. मायकेल फॅरडे यांना विद्युतभारांमधली जागा अशीच दिसत होती. त्यांच्या मते बलरेषा लांबीच्या दिशेने आखडू पाहतात, आणि शेजारच्या रेषा एकमेकींना बाजूला सारतात. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१-६२ मधल्या लेखमालेत आणि पुढे १८७३ च्या आपल्या ग्रंथात या चित्राला गणिताचं रूप दिलं. विद्युतक्षेत्रापुरता त्याचा गाभा एवढाच आहे: जिथे क्षेत्राची तीव्रता E आहे, तिथे रेषेच्या दिशेने दर चौरस मीटरला ε₀E²/2 इतका ताण असतो, आणि रेषेला काटकोनात तेवढाच दाब असतो. ताणाचं आणि दाबाचं माप एकच, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

रेषा पडद्याला तिरकी भिडत असेल तर ताण आणि दाब एकत्र मिसळतात, शिवाय पडद्याच्या पातळीतच घासून सरकवणारं बलही येतं. हा सगळा हिशेब एका चौकटीत बसवणारी नऊ आकड्यांची मांडणी म्हणजे प्रतिबल टेन्सर. सुदैवाने आपल्या पडद्यावर रेषा कधीच तिरक्या येत नाहीत. दोन्ही भार सारखे असल्यामुळे सममिती हा प्रश्न परस्पर सोडवते.

सजातीय भारांचं बघू. पडद्यावरच्या कुठल्याही बिंदूपाशी वरचा गोळा क्षेत्र खाली ढकलतो आणि खालचा तेवढंच वर. ते घटक खोडले जातात आणि उरतं ते पडद्यालगत, मध्यापासून बाहेर जाणारं क्षेत्र. बलरेषा पडद्यापाशी येऊन वळतात आणि त्याला चिकटून पसरत जातात, एकही रेषा पडदा ओलांडत नाही. याचा अर्थ पडद्यावर सगळीकडे निव्वळ दाब आहे, ताण कुठेच नाही. वरचा अर्धा अवकाश खालच्याला ढकलतोय आणि खालचा वरच्याला. अपाकर्षण म्हणतात ते हेच.

आता हा दाब कुठे किती? सहज मनात येतं की दोन गोळ्यांच्या ऐन मध्ये, जिथे ते सर्वांत जवळ आहेत, तिथे तो सर्वाधिक असणार. प्रत्यक्षात तिथे तो शून्य आहे! त्या बिंदूपाशी दोघांची क्षेत्रं पूर्णपणे खोडली जातात, आणि क्षेत्र नाही तर दाबही नाही. मध्यापासून बाहेर सरकलो की दाब वाढतो, सुमारे ७ सेंटिमीटरवर शिखर गाठतो आणि मग ओसरतो. शिखरावर क्षेत्र मीटरला सुमारे ६९ हजार व्होल्ट असतं. ऐकायला मोठं, पण त्यातून मिळणारा दाब फक्त ०.०२ पास्कल, म्हणजे हवेच्या दाबाचा जवळपास पन्नास लाखावा भाग.

बेरीज करताना पडद्याचे एकात एक वर्तुळाकार पट्टे पाडायचे. बाहेरच्या पट्ट्याचं क्षेत्रफळ मोठं असतं, म्हणून सर्वांत जास्त वाटा ७ सेंटिमीटरच्या पट्ट्याचा नसून १० सेंटिमीटरच्या पट्ट्याचा येतो. मध्यापासून R अंतरापर्यंतची बेरीज एकूण बलाच्या किती पट आहे, याचं सूत्र देखणं निघतं. गोळा आणि पडदा यांतलं अंतर a धरलं, तर ते असं:

(R² / (R² + a²))²

R ला a इतकं, म्हणजे १० सेंटिमीटर, घेतलं तर कंसात अर्धा येतो आणि त्याचा वर्ग पाव. R कितीही वाढवला तर सूत्र १ कडे जातं, आणि एकूण बल येतं q²/(16πε₀a²). दोन भारांमधलं अंतर 2a आहे हे ध्यानात घेतलं तर हा कूलोमचाच नियम आहे. आकडे घालून बघा, तेच २.२५ मिलिन्यूटन.

आता एका गोळ्यावरचा भार ऋण करा. चित्र उलटं होतं. पडद्यालगतचे घटक खोडले जातात आणि क्षेत्र सगळीकडे पडद्याला काटकोनात उभं राहतं. प्रत्येक रेषा पडदा भेदून पलीकडे जाते, म्हणून इथे निव्वळ ताण आहे, आणि ऐन मध्यावर तो सर्वाधिक, ०.१४ पास्कल. पहिल्या १० सेंटिमीटरच्या वर्तुळातच एकूण बलाचा पाऊण हिस्सा येऊन जातो. बेरीज मात्र पुन्हा २.२५ मिलिन्यूटनच, फक्त दिशा आकर्षणाची.

सजातीयांना आतल्या वर्तुळात पाव आणि बाहेर पाऊण, विजातीयांना आत पाऊण आणि बाहेर पाव. वाटप इतकं वेगळं असताना बेरीज तंतोतंत सारखी कशी? कूलोमच्या नियमात चिन्ह बदललं तर बलाचा आकडा बदलत नाही, हे उत्तर बरोबर असलं तरी ते बाहेरून दिलेलं आहे. पडद्याच्या भाषेतलं उत्तर शोधायचं तर खालचा गोळा उचलून बाजूला ठेवा.

वरचा एकटा गोळा उरला. त्याच्या रेषा पडद्याला निरनिराळ्या कोनांत भिडतात. त्याच्या थेट खाली रेषा उभ्या येतात, तिथे ताण आहे. लांबवर त्या पडद्याला जवळपास समांतर होतात, तिथे दाब आहे. मध्यापासून बरोबर a अंतरावर रेषा ४५ अंशांत येते, तिथे ताण आणि दाब समान होऊन उभं बल शून्य होतं, उरतं ते फक्त सरकवणारं बल, आणि तेही समोरासमोरच्या बिंदूंवर उलट दिशेचं असल्याने बेरजेत जातं. म्हणजे १० सेंटिमीटरच्या वर्तुळात सगळा ताण आणि त्याबाहेर सगळा दाब. आणि या दोघांची बेरीज शून्य आलीच पाहिजे, कारण एकटा स्थिर भार स्वतःच स्वतःला ढकलू शकत नाही.

या एकट्या गोळ्याच्या बेरजेत क्षेत्राच्या उभ्या घटकाच्या वर्गातून येणारा भाग आणि आडव्या घटकाच्या वर्गातून येणारा भाग असे दोन तुकडे आहेत. आपल्या विजातीय भारांच्या पडद्यावर क्षेत्र म्हणजे याच उभ्या घटकाची दुप्पट, आणि सजातीयांच्या पडद्यावर याच आडव्या घटकाची दुप्पट. एका गोळ्यासाठी हे दोन तुकडे एकमेकांना खोडत असतील, तर दोन गोळ्यांच्या दोन बेरजाही समान येण्यावाचून पर्याय नाही. आकर्षण आणि अपाकर्षण यांचे आकडे सारखे असणं आणि भाराने स्वतःला न ढकलणं, या पडद्यावर ही एकच गोष्ट आहे.

यात चूक कुठे होते तेही याच चित्रातून दिसतं. एक सवयीची चूक म्हणजे दोन गोळ्यांचे ताण-दाब वेगवेगळे काढून त्यांची बेरीज करणं. तसं केलं तर उत्तर शून्य येतं, आणि का ते आपण आत्ताच पाहिलं. आधी क्षेत्रं मिळवायची, मग वर्ग करायचा. बल जन्माला येतं ते दोन क्षेत्रांच्या गुणाकाराच्या पदातून.

दुसरी चूक संगणकावर होते. अमर्याद पडदा संगणकात मावत नाही, कुठेतरी कापावा लागतो. ३० सेंटिमीटर त्रिज्येवर कापला तर विजातीय भारांचं ९९ टक्के बल हाती लागतं, सजातीयांचं फक्त ८१ टक्के. लांबून पाहिलं तर सजातीय जोडी म्हणजे दुप्पट भाराचा एकच गोळा, त्याचं क्षेत्र सावकाश विरतं. विजातीय जोडी लांबून जवळपास उदासीन दिसते, तिचं क्षेत्र झपाट्याने विरतं. म्हणून अपाकर्षणाचं उत्तर पंधरा-वीस टक्क्यांनी कमी आलं तर सूत्र तपासण्याआधी पडदा कुठे कापलाय ते बघावं. त्रिज्या दुप्पट केल्यावर तूट साधारण चौथाईवर आली, तर दोष कापण्याचाच. इथे ६० सेंटिमीटरपर्यंत गेलं की ती १९ टक्क्यांवरून सुमारे सव्वापाचवर येते.

विजातीय भारांचा पडदा मात्र कल्पनेतून प्रत्यक्षात आणता येतो. क्षेत्र त्याला सगळीकडे काटकोनातच असल्यामुळे तिथे पातळ, सपाट, पुरेसा मोठा धातूचा पत्रा सरकवला आणि जमिनीला जोडला, तरी बाहेरचं क्षेत्र बदलत नाही. मग खालचा गोळा काढून टाकला तरी वरच्याला फरक पडत नाही, पत्र्यावर ओढून आलेला ऋण भार त्याची जागा भरून काढतो. आता तो ०.१४ पास्कलचा ताण कागदावरचा राहत नाही, गोळ्याखालच्या पत्र्याला खरोखर वर खेचतो. सजातीय भारांमध्ये असा पत्रा घालून चालत नाही. तिथलं क्षेत्र पत्र्याच्या पातळीत आहे आणि स्थिर अवस्थेत धातू ते टिकू देत नाही, त्यामुळे सगळं चित्रच बदलतं: पत्रा जमिनीला जोडलेला असेल तर दोन्ही गोळे एकमेकांपासून दूर जायचं सोडून पत्र्याकडे ओढले जातात.

हा सगळा हिशेब गोळे स्थिर असतानाचा आहे. वरच्या गोळ्याला एकदम हिसका दिला तर त्याची वार्ता प्रकाशाच्या वेगाने पडद्याच्या मध्यापर्यंत यायला एक तृतीयांश नॅनोसेकंद लागतो आणि खालच्या गोळ्यापर्यंत पोचायला दोन तृतीयांश. मधल्या काळात पडद्यावरची बेरीज बदललेली असते, पण खालच्या गोळ्यावरचं बल अजून जुनंच असतं. दोहोंतला फरक त्या वेळी संवेगाच्या रूपात पडद्याखालच्या क्षेत्रातच साठलेला असतो, आणि तो हिशेबात धरला की जमाखर्च पुन्हा जुळतो.