बदलापूर ते घाटकोपर, शेवटच्या वाक्यासकट

लोकलने रोज ये-जा करणाऱ्याची तक्रार खरी असते. तरीही ती सविस्तर लिहून ग्रुपवर टाकली की वाचणारे दोन-चार ओळींत पुढे सरकतात. तक्रार घडली त्या क्रमाने लिहिली जाते, सकाळच्या फलाटापासून संध्याकाळच्या रिक्षापर्यंत, आणि त्यातलं प्रत्येक दुःख सारख्याच आवाजात बोलतं. हसवणारा मजकूर मात्र शेवटाकडून सुरू करावा लागतो. आधी शेवटचं वाक्य हाती यायला हवं, मग त्याला लागेल तेवढंच बाकीचं.

नमुना म्हणून बदलापूरला राहणारे एक काका डोळ्यांसमोर आणू. ते घाटकोपरला उतरतात आणि मेट्रोने साकीनाक्याच्या ऑफिसला जातात. चिडून लिहायला बसले तर ते साधारण असं लिहितील:

«तीस वर्षं हा प्रवास करतोय, पण हल्ली हद्द झाली आहे. इंडिकेटरवर एक वेळ, घोषणा दुसरीच. ऐनवेळी फलाट बदलतात, मग पुलावरून धावा. गाडी बदलापूरहूनच सुटते म्हणून बसायला मिळतं, पण चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर. डोंबिवलीला एवढे लोक चढतात की उभ्या माणसाला पाय टेकायला जागा नसते. कोणीतरी मोठ्या आवाजात रील्स लावून बसतो. एक तरुण तर रोज माझ्यासमोर येऊन उभा राहतो आणि विचारतो, काका कुठे उतरणार? अरे, रोज घाटकोपरलाच उतरतो, ठाऊक आहे ना तुला? पावसात कुर्ल्याला रुळांवर पाणी साचलं की सगळं ठप्प. उशीर झाला की साहेबांची बोलणी. संध्याकाळी पुन्हा हेच, आणि स्टेशनबाहेर रिक्षावाला जवळचं भाडं नाकारतो.»

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण इंडिकेटर, पाणी, रिक्षा ही दुःखं मध्य रेल्वेच्या प्रत्येक प्रवाशाची आहेत. वाचणाऱ्याने ती आज सकाळीच भोगलेली असतात, त्यामुळे पुन्हा वाचताना त्याला नवं काही मिळत नाही. अशा मजकुरात शोधायची ती फक्त याच माणसाला भेटलेली गोष्ट. एक खूण उपयोगी पडते: कोणत्या वाक्यात दुसरा माणूस बोलतो आहे? इथे ते एकच वाक्य आहे, आणि काकांनी ते गर्दी आणि पाऊस यांच्या मध्ये, जाता जाता, सांगून टाकलं आहे.

त्या वाक्यात एक विसंगतीही आहे. तरुणाला उत्तर ठाऊक आहे, तरी तो रोज विचारतो. लोकलच्या प्रवाशाला याचं कारण सांगावं लागत नाही. उभा असलेला माणूस बसलेल्याला ‘कुठे उतरणार?’ असं विचारतो, तेव्हा तो चौकशी करत नसतो. त्या जागेवर तो आपला नंबर लावत असतो. ज्याने आधी विचारलं, त्याची जागा. हा अलिखित नियम डब्यात सगळे पाळतात. तर मग हाच नियम आणखी एक पायरी पुढे नेला तर काय होईल? रोज एका दिवसापुरता नंबर लावणारा माणूस ती जागा कायमची मिळावी म्हणून काय विचारेल? उत्तर सापडलं की मजकूर असा होतो:

«तीस वर्षं झाली, बदलापूर ते घाटकोपर. हल्ली डोंबिवलीला एक तरुण चढतो, गर्दीतून वाट काढत नेमका माझ्यासमोर येऊन उभा राहतो. “काका, कुठे उतरणार?” मी म्हणतो, “घाटकोपर.” मी उठलो की तो बसतो. वर्षभर रोज हेच. काल त्याने विचारलं, “काका, रिटायर कधी होणार?”»

इतक्या छोट्या मजकुरातही प्रत्येक वाक्य कामाला लावलेलं आहे. ‘तीस वर्षं’ हे शब्द कंटाळ्याची तक्रार म्हणून येतात, पण काकांचं वय तेच सांगून जातात. ते नसते तर शेवटचा प्रश्न अधांतरी राहिला असता, आणि ‘मी आता सत्तावन्न वर्षांचा’ असं सरळ लिहिलं असतं तर शेवटाचा अंदाज आधीच आला असता. ‘मी उठलो की तो बसतो’ हे वाक्य कोल्हापूर किंवा नागपूरच्या वाचकासाठी आहे. त्याला लोकलचा नियम माहीत नसतो आणि तो इथेच समजला पाहिजे, कारण शेवटानंतर समजावून सांगण्याला अर्थ नाही. ‘गर्दीतून वाट काढत नेमका’ हे शब्द तरुणाचा निर्धार दाखवतात, आणि मूळ मजकुरातली सगळी गर्दी त्यातच येऊन जाते.

मराठीची एक अडचण इथे सांभाळावी लागते. आपल्या वाक्याच्या शेवटी क्रियापद बसतं, त्यामुळे ठोसा बसल्यावरही वाक्य चालूच राहतं. ‘काल तर त्याने मला मी रिटायर कधी होणार असंही विचारलं’ असं लिहून पाहा. मजकूर तोच, पण ‘रिटायर’ मधेच निघून जातं आणि कानात उरतं ‘असंही विचारलं’. म्हणून बोलणाऱ्याचं नाव आणि ‘विचारलं’ आधी टाकायचं, आणि त्याचे शब्द अवतरणात अगदी शेवटी ठेवायचे. शिवाय ‘उतरणार’ आणि ‘होणार’ यांचा सूर जुळतो, त्यामुळे पहिला प्रश्न दुसऱ्यात ऐकू येतो. ‘काल तर कमालच झाली’ ही सूचनाही नको. सावध झालेला वाचक हसत नाही.

सर्वांत कठीण काम गाळण्याचं. पाय टेकायला जागा नसल्याचं वाक्य चांगलं आहे, त्याचा वेगळा विनोद होऊ शकेल. पण दोन ठोसे एका मजकुरात आले की पहिल्यालाच हसून वाचणारा थांबतो आणि दुसरा वाया जातो. ते वाक्य वहीत लिहून ठेवावं. मजकूर जमला की नाही हे मोठ्याने वाचून कळतं. ऐकणारा मधेच हसला तर शेवट चुकीच्या जागी आहे. शेवटानंतर त्याने ‘मग?’ असं विचारलं तर तयारी अपुरी आहे. एखादं वाक्य काढूनही शेवट तितकाच लागला तर ते वाक्य जादा होतं.

आणखी एक पाहावं, की हसू कोणावर येतं आहे. इथे तरुण वाईट ठरत नाही आणि काका बिचारे ठरत नाहीत. दोघेही एकाच टीचभर जागेसाठी अडलेले आहेत, म्हणून डब्यातला प्रत्येक जण त्यांच्यात स्वतःला पाहू शकतो. हाच मजकूर दिव्याच्या किंवा डोंबिवलीच्या प्रवाशांना नावं ठेवण्यासाठी लिहिला असता, तर अर्धा ग्रुप हसला असता आणि उरलेला भांडायला उठला असता.

पण प्रत्येक तक्रारीचा विनोद करू नये. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले. दारात लोंबकळणं, तुटलेलं पायदान, गाडी आणि फलाट यांच्यामधली धोकादायक पोकळी या गोष्टी चटपटीत वाक्यात बसवल्या की वाचणारा हसतो आणि विसरतो. तिथे लांबलचक, तपशीलवार तक्रारच योग्य. रेल्वेच्या 139 या क्रमांकावर किंवा रेलमदद ॲपवर ती करा, आणि तीत गाडीची वेळ, स्थानक, फलाट आणि डबा न विसरता लिहा.