रेषेखालचे बावीसशे मीटर

शाळा-क्लासच्या ग्रुपवर फिरणाऱ्या स्क्रीनशॉटांमध्ये हे गणित वेगवेगळ्या रूपांत हमखास सापडतं. आडव्या अक्षावर काळ, सेकंदांत. उभ्या अक्षावर लोकल गाडीची चाल, किलोमीटर प्रति तासात. रेषा शून्यापासून तिरकी चढत चाळिसाव्या सेकंदाला ७२ वर पोहोचते, एकशे दहाव्या सेकंदापर्यंत सपाट जाते आणि दीडशेव्या सेकंदाला पुन्हा शून्यावर येते. खाली एका ओळीत प्रश्न: दोन स्थानकांमधलं अंतर किती?

हा आलेख पाहून अनेकांना आधी टेकडी दिसते. गाडी चढली, माथ्यावरून चालली आणि उतरली. त्यापुढची समजूत अशी की सपाट भागात गाडी थांबली असावी, आणि रेषा खाली येते म्हणजे गाडी मागे आली. दोन्ही चूक. अंतर-काल आलेखात सपाट रेषा म्हणजे थांबलेली गाडी, हे खरं. पण इथे उभ्या अक्षावर चाल आहे. त्यामुळे सपाट रेषा म्हणजे ठरल्या चालीने धावणारी गाडी, आणि उतरती रेषा म्हणजे ब्रेक. ब्रेक लागलेली गाडीही पुढेच जात असते, तिचं अंतर वाढतच असतं, फक्त सावकाश. म्हणून आलेख हातात आला की रेषेकडे बघण्याआधी उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते वाचायचं.

आता क्षेत्रफळ कुठून आलं? सपाट भागापासून सुरुवात करू. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. या भागातल्या एका सेकंदाची उभी पट्टी कापली, तर तिची रुंदी १ सेकंद आणि उंची २० मीटर प्रति सेकंद. दोहोंचा गुणाकार २० मीटर, म्हणजे त्या सेकंदात गाडी गेली तेवढंच अंतर. सेकंदाला सेकंदाने काट बसते आणि हाती उरतात निव्वळ मीटर. कागदावर चौरस दिसत असले तरी या क्षेत्रफळाचं एकक चौरस मीटर नाही, साधं मीटर आहे. आयताच्या बाजू काळाच्या आणि चालीच्या आहेत, लांबीच्या नाहीत.

तिरक्या भागात चाल दर क्षणी बदलते, तिथे नुसता गुणाकार चालत नाही. पण पट्टी एका सेकंदाऐवजी दहाव्या भागाची घेतली, तर तेवढ्या वेळात चाल जवळजवळ तीच राहते आणि पट्टीचा माथा जवळजवळ सपाट असतो. अशा बारीक पट्ट्या शेजारी शेजारी लावत गेलं की त्यांची बेरीज रेषेखालच्या त्रिकोणाला चिकटत जाते. पुढे कॉलेजात याच बेरजेला संकलन म्हणतात. शाळेत त्रिकोणाचं सूत्र पुरतं.

चढत्या भागाचा पाया ४० सेकंद, उंची २०. अर्धा गुणाकार ४०० मीटर. मधला आयत ७० गुणिले २०, म्हणजे १४०० मीटर. उतरत्या भागाचे पुन्हा ४००. एकूण २२०० मीटर. तुकडे न करताही जमतं: आख्खी आकृती समलंब चौकोन आहे, खालची बाजू १५०, वरची ७०, उंची २०. बाजूंच्या बेरजेचं अर्ध ११०, गुणिले २०, तेच २२००.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला एककांचा. अक्षावरचे ७२ तसेच उचलले, तर ११० गुणिले ७२ म्हणजे ७९२० येतात आणि उत्तरपत्रिकेत ‘७९२० मीटर’ लिहिले जातात. ताशी किलोमीटर आणि सेकंद एकत्र गुणले तर मीटर मिळत नाहीत, त्याला ३.६ ने भागावं लागतं, मग २२०० येतात. चूक पकडायला अर्धं मिनिट लागतं. गाडी आख्खे १५० सेकंद सर्वांत जास्त चालीने धावली असती, तरी २० गुणिले १५०, म्हणजे ३००० मीटरच गेली असती. खरं उत्तर याहून कमीच हवं. आलेखाभोवती सगळ्यात मोठा आयत काढून हे बघायची सवय मला कुठल्याही सूत्रापेक्षा मोलाची वाटते.

दुसरा खड्डा सरासरीचा. सुरुवातीची आणि शेवटची चाल मिळवून दोनाने भागायचं सूत्र पाठ असतं. इथे सुरुवातीची शून्य, शेवटची शून्य, सरासरी शून्य. गाडी जागची हललीच नाही! ते सूत्र फक्त एका सरळ रेषेच्या तुकड्यापुरतं खरं आहे. रेषा जिथे मोडते तिथे तुकडाही मोडायचा.

समलंब चौकोनाचं हे गणित फार जुनं आहे. बाबिलोनच्या ज्योतिषांनी गुरू ग्रहाचं आकाशातलं रोजचं सरकणं मातीच्या पाट्यांवर लिहून ठेवलं होतं. या पाट्या इसवी सनापूर्वी साधारण ३५० ते ५० या काळातल्या, आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तिथे गुरूची गती पहिल्या दिवशी १२ कला धरली आहे, ती सारखी घटत साठाव्या दिवशी साडेनऊ कलांवर येते. दोन्हींच्या बेरजेचं अर्ध पावणेअकरा, गुणिले ६० दिवस, म्हणजे ६४५ कला, अर्थात १० अंश ४५ कला. मॅथ्यू ऑसेनड्रायव्हर या संशोधकाने २०१६ मध्ये दाखवून दिलं की ही आकडेमोड समलंब चौकोनाच्या क्षेत्रफळाचीच आहे. तोवर या युक्तीचं श्रेय चौदाव्या शतकातल्या युरोपला, ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या विद्वानांना आणि फ्रान्सच्या निकोल ओरेम यांना दिलं जात असे.

आपण स्क्रीनशॉटकडे परत येऊ, कारण छापील आलेखात नसलेल्या भानगडी त्यात असतात. बरेचदा चौकटींच्या रेषा फिकट होऊन गेलेल्या असतात आणि रेषेचं टोक ७२ वर आहे की ७४ वर, हे डोळ्याने ठरत नाही. अशा वेळी चित्र मोबाइलवर न ताणता कॉम्प्युटरवर एखाद्या साध्या चित्र-संपादकात उघडावं. कर्सर जिथे नेऊ, तिथला पिक्सेल क्रमांक बहुतेक संपादकांत खाली दिसतो: डावीकडून कितवा आणि वरून कितवा.

समजा आपल्या चित्रात शून्याचा बिंदू डावीकडून १२० आणि वरून ८६० वर आहे. आडव्या अक्षावरची १६० सेकंदांची खूण डावीकडून १०८० वर आहे. म्हणजे १६० सेकंदांना ९६० पिक्सेल, सेकंदाला ६. उभ्या अक्षावरची ८० ची खूण वरून २२० वर आहे, म्हणजे ८० ला ६४० पिक्सेल, ताशी एका किलोमीटरला ८. आता रेषेचा सपाट भाग वरून २८४ वर दिसतो. इथे उलटं वाटतं, कारण संगणक उंची वरून खाली मोजतो. म्हणून ८६० मधून २८४ वजा करायचे: ५७६. भागिले ८, चाल ७२. रेषा मोडते ते कोपरे डावीकडून ३६० आणि ७८० वर, शेवट १०२० वर. त्यातून १२० वजा करून ६ ने भागलं की ४०, ११० आणि १५० सेकंद मिळतात. आता आलेख अंदाजाने नव्हे, मोजून वाचला. उंची वाचताना दोन पिक्सेल इकडेतिकडे झाले, तर चालीत ताशी पाव किलोमीटरचा आणि अंतरात साधारण साडेसात मीटरचा फरक पडतो. बावीसशेत तो काहीच नाही. म्हणून उत्तर २.२ किलोमीटर लिहावं; दशांशचिन्हानंतर चार आकडे लिहिण्यात अर्थ नाही.

फॉरवर्ड होता होता चित्र आडवं ताणलं गेलं असेल तर काळजी नको. दोन्ही अक्षांची मापं वेगवेगळी काढली आहेत, त्यामुळे ताण आपोआप निघून जातो. फळ्याचा किंवा पुस्तकाचा तिरका फोटो मात्र दगा देतो. त्यात जवळची बाजू मोठी आणि लांबची लहान येते, आणि एका टोकाचा सेकंद दुसऱ्या टोकाच्या सेकंदाएवढा राहत नाही. ओळखायची खूण सोपी: चौकटीच्या समोरासमोरच्या रेषा समांतर आहेत का ते बघायचं.

सगळ्यात घातकी असतो कापलेला पाया. एसटीच्या एका आलेखात चाल १२ सेकंदांत १० वरून १६ मीटर प्रति सेकंद होते, पण उभा अक्ष सुरूच ८ पासून होतो. कधी आलेख तसाच काढलेला असतो, कधी कापाकापीत खालची पट्टी गेलेली असते. दिसणाऱ्या आकृतीच्या उभ्या बाजू २ आणि ८; क्षेत्रफळ ६० येतं आणि मुलं ६० मीटर लिहून मोकळी होतात. पण चाल शून्यापासून मोजायची आहे. न दिसणारा आयत ८ गुणिले १२, म्हणजे ९६ मीटर. खरं उत्तर १५६. चित्राच्या खालच्या कडेला शून्य आहे का, एवढं पाहिलं तरी ही चूक टळते.

आणि रेषा सरळ नसेल तर? खरी गाडी सुटताना जोरात वेग घेते, पुढे तो जोर कमी होत जातो, म्हणून चढता भाग फुगीर दिसतो. समजा दर पाच सेकंदांनी वाचलेली चाल अशी आहे: ०, ५, ९, १२, १४.५, १६.५, १८, १९.२ आणि २० मीटर प्रति सेकंद. पहिली आणि शेवटची अर्धी धरायची, बाकीच्या पूर्ण, बेरीज १०४.२; गुणिले ५, म्हणजे ५२१ मीटर. सरळ रेषा समजून काढलं असतं तर ४०० आले असते. हेच वाचन दहा-दहा सेकंदांनी केलं तर ५१५ येतात. पट्ट्या निम्म्या करूनही उत्तर सहाच मीटरनी हललं, म्हणजे आणखी बारीक कापून फार काही हाती लागणार नाही. रेषा वर फुगलेली असताना पट्ट्यांचे सरळ माथे तिच्या खालून जातात, त्यामुळे खरं अंतर ५२१ हून किंचित जास्तच असणार, हेही चित्र पाहूनच सांगता येतं.