नावे दीडशे, ऑर्डर एक

कुपवाड किंवा भोसरीच्या एमआयडीसीत एखाद्या गाळ्यात सात-आठ कामगार घेऊन मसाल्याचे पाउच पॅकिंग मशीन बनवणारा कारखानदार घ्या. त्याच्याकडे ऑर्डर यायची ती जुन्या गिऱ्हाइकाच्या शिफारशीने, प्रदर्शनातल्या स्टॉलवरून किंवा डीलरमार्फत. आता त्यात फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि व्हॉट्सअॅपची भर पडली आहे. या वाटेने चौकशा भरपूर येतात. महिन्याभरात शे-दीडशे नावे हाती लागतात, पण मशीन काही गाळ्याबाहेर पडत नाही, अशी तक्रार या धंद्यात सर्रास ऐकू येते. दोष बहुतेक वेळा माध्यमाचा नसतो. चौकशी कशी मागवली, तिथेच घोळ झालेला असतो.

फेसबुकवर जाहिरात देताना चौकशीचा फॉर्म जोडता येतो. बटण दाबले की फॉर्म उघडतो आणि त्यात माणसाचे नाव, नंबर त्याच्या प्रोफाइलवरून आपोआप भरलेले असतात. त्याने फक्त पाठवायचे. रात्री जेवून मोबाइल चाळताना एखाद्याचा अंगठा दोनदा पडला की तुमच्या यादीत एक नाव वाढते. सकाळी फोन केला की उत्तर येते, ‘कसलं मशीन? मी नाही बुवा काही भरलं.’ तो खोटे बोलत नसतो, त्याला खरेच आठवत नसते. कित्येकदा प्रोफाइलवरचा नंबरही जुना, बंद पडलेला असतो. शिवाय फेसबुकची यंत्रणा आपण जे मागतो तेच शोधून आणते. ‘जास्त फॉर्म’ मागितले की ती फॉर्म भरण्याची सवय असलेली माणसे आणते. मशीन घेणारी वेगळी.

फॉर्म बनवताना प्रकार निवडावा लागतो. More volume म्हणजे सोपा, पटकन भरला जाणारा फॉर्म. Higher intent निवडला तर पाठवण्यापूर्वी आपली माहिती पुन्हा तपासून पक्की करण्याचा एक टप्पा वाढतो. एवढ्यानेही हौशे-नवशे बरेच गळतात. पण खरी चाळणी लावतात ते आपण स्वतः घातलेले प्रश्न.

पाउच मशीनवाल्याला चार प्रश्न पुरतात : काय भरायचे आहे, पाउच किती ग्रॅमचा, रोजचा माल किती किलो आणि मशीन कधी हवे. चारही प्रश्न कामाचे आहेत. हळद-मिरचीसारखी पावडर असेल तर स्क्रूने माप टाकणारा ऑगर फिलर लागतो, साखर-डाळीसारखा दाणेदार माल असेल तर कपाचा फिलर चालतो, आणि दोन्हींची किंमत वेगळी. ग्रॅमवरून पाउचची रुंदी आणि त्यावरून कॉलरचे माप ठरते. तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. मशीन मिनिटाला 50 ग्रॅमचे 40 पाउच काढत असेल तर दोन किलो माल मिनिटात भरला जातो. दिवसाला 20 किलो मसाला करणाऱ्या ताईंचे काम दहा मिनिटांत संपेल आणि उरलेला दिवस मशीन नुसते उभे राहील. त्यांना हाताने सील करायचे छोटे यंत्र, म्हणजे हँड सीलर पुरे आहे, असे फोनवर मोकळेपणाने सांगून टाकावे. दोन वर्षांनी धंदा वाढला की त्याच फोन करतात.

हिशोब करून पाहू. हे आकडे कोणत्या पाहणीतले नाहीत, फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, जाहिरातीला महिन्याला 15,000 रुपये घातले. सोप्या फॉर्मवर 150 नावे आली, म्हणजे नाव शंभर रुपयांना पडले. त्यातल्या 70 जणांनी फोन उचलला, दहा जण कामाचे निघाले आणि एक ऑर्डर झाली. दुसऱ्या महिन्यात तेवढेच पैसे, पण चार प्रश्नांचा फॉर्म. नावे 40 आली, एकेक 375 रुपयांना. कारखानदार घाबरतो, ‘चौपट महाग पडलं!’ पण त्यांतले 30 जण फोनवर बोलले, 15 कामाचे निघाले आणि दोन ऑर्डर झाल्या. पहिल्या महिन्यात ऑर्डरमागे जाहिरातखर्च 15,000, दुसऱ्यात 7,500. शिवाय 110 फोन वाचले. जाहिरातीचा सल्लागार मात्र पहिल्याच महिन्याचा आकडा फुशारकीने दाखवतो, कारण त्याचे काम नाव आणून दिले की संपते.

आता व्हिडिओ. बहुतेक कारखानदार चकचकीत स्टीलचे मशीन सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवतात आणि वर गाणे लावतात. घेणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. मिरची पावडर भरणाऱ्याचे दुखणे असे, की बारीक पावडर उडते, सीलच्या जागी बसते आणि तिथे पाउच नीट चिकटत नाही. मग दुकानात पाउच फुटतो आणि माल परत येतो. म्हणून व्हिडिओत मिरची पावडरच भरा. सलग निघालेले दहा पाउच उचलून एकामागून एक काट्यावर ठेवा आणि वजने कॅमेऱ्यात दिसू द्या. त्यातला एखादा पाउच पाण्यात धरून दाबा. बुडबुडे आले नाहीत, की त्याला हवे होते ते उत्तर मिळाले. एक-दीड मिनिट पुरे, आणि आवाज मशीनचाच ठेवा. जाणकार आवाजावरूनही बरेच ओळखतो. गिऱ्हाइकाच्या ब्रँडची छापील फिल्म असेल तर आधी त्याला विचारा, नाहीतर कोरी फिल्म लावा.

हाच व्हिडिओ यूट्यूबवर ‘मिरची पावडर पाउच पॅकिंग मशीन, 50 ग्रॅम’ अशा साध्या नावाने टाकावा, कारण लोक शोधतातही असेच. इन्स्टाग्रामचे रील दोन-चार दिवसांत मागे पडते. यूट्यूबवरचा व्हिडिओ वर्षभरानेही कोणी शोधला तर सापडतो. लिंक्डइनबद्दल फार बोलत नाही. मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाला विकायचे असेल तर ते उपयोगी, पण बारामतीचा मसालेवाला तिथे क्वचितच भेटेल.

चौकशी आल्यावर त्याच दिवशी फोन व्हायला हवा, कारण त्याने आणखी दोघा-तिघांना विचारलेले असतेच. पण फोनआधी कोटेशन पाठवू नये. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 मध्ये सुरू झालेल्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान मिळते. त्यासाठी बँकेच्या फाइलला कोटेशन लागते, आणि पुष्कळ चौकशा निव्वळ त्या कागदासाठी असतात. ‘कोणत्या बँकेत अर्ज केला, कुठवर आला?’ एवढे विचारले की उलगडा होतो. अशी पार्टी खोटी नव्हे, फक्त उशिराची असते. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये तिला ‘कर्ज बाकी’ असे लेबल लावून ठेवावे आणि महिन्याने विचारावे. सगळ्या याद्यांवर एकदम मेसेज मारू नयेत. लोकांनी तक्रार केली की नंबर बंद होतो आणि जुनी गिऱ्हाइकेही तुटतात.

ज्याचा माल आणि ग्रॅम जुळतात, त्याला स्वतःचा पाच किलो माल घेऊन गाळ्यावर ट्रायलला बोलवा. अॅडव्हान्सची बोलणी तिथेच होतात. आणि नावे रोजच्या रोज आपल्या वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवून घ्या, पुढे ‘ट्रायल’ आणि ‘ऑर्डर’ असे दोन रकाने आखा. फेसबुकवर ती फॉर्म भरल्यापासून 90 दिवसच डाउनलोड करता येतात.