बाटलीतल्या पाण्यात विरघळलंय काय?

माझ्या मावसबहिणीच्या बेसिनपाशी चार बाटल्या ओळीने उभ्या असतात. फेसवॉश, टोनर, इसेन्स आणि क्रीम. मधल्या दोन्ही पाण्यासारख्याच पातळ. "यातलं काय सोडलं तर चालेल गं?" असं तिने विचारलं, तेव्हा मी आधी टोनरची बाटली उलटी करून मागची घटकांची यादी वाचली.

टोनर आला तो साबणामागोमाग. साध्या साबणाचा सामू नऊ-दहाच्या घरात असतो, तर आपल्या त्वचेचा पाचाच्या आसपास, म्हणजे किंचित आंबट. शिवाय बोअरच्या जड पाण्यात साबणाचा पांढरट चोथा होतो आणि तो चेहऱ्यावर बसतो. तो पुसायला आणि त्वचा पुन्हा आंबटपणाकडे न्यायला टोनर कामाचा होता. आजचे सौम्य फेसवॉश साबण नसतातच. त्यांचा सामू त्वचेच्या जवळचा असतो, आणि राहिलेला फरक त्वचा काही तासांत स्वतःच भरून काढते. त्यामुळे टोनरचं हे मूळ काम संपलं आहे. कापसावर पिवळट मळ येतो म्हणून टोनर हवाच, असं बहीण म्हणाली. पण तो मळ बहुधा नीट न निघालेल्या सनस्क्रीनचा किंवा मेकअपचा असतो. फेसवॉश अर्धा मिनिट जास्त चोळला की तो जातो.

दुसरा दावा रंध्रं बंद होण्याचा. दाढीनंतर न्हावी तुरटी फिरवतो तेव्हा त्वचा आवळल्यासारखी वाटते, बारीक कापल्याचं रक्तही थांबतं. पण रंध्राला उघडझाप करणारा स्नायू नसतो. अल्कोहोल किंवा पुदिन्याचा थंडावा असलेला टोनर लावल्यावर ताण जाणवतो, तो थोड्या वेळात ओसरतो. कोरड्या किंवा हुळहुळ्या त्वचेची मात्र त्याने आग होते. यादीच्या सुरुवातीलाच 'अल्कोहोल डिनॅट' दिसलं, तर अशा त्वचेच्या माणसाने ती बाटली घेऊच नये. 'सिटिल अल्कोहोल' मात्र वेगळं, ते क्रीम घट्ट आणि मऊ करणारं मेणासारखं द्रव्य आहे.

इसेन्स ही जपान-कोरियाकडची रीत. चेहरा धुतल्यावर पातळ लोशन थापायची सवय जपानमध्ये जुनी आहे. शिसेदो कंपनीने 'युडर्मिन' नावाचं असं लोशन १८९७ सालीच बाजारात आणलं होतं. इसेन्स म्हणजे बहुतेक वेळा पाणी, ग्लिसरीनसारखं ओलावा धरणारं द्रव्य आणि थोडा आंबवलेला अर्क. ज्या टोनरमध्ये ग्लिसरीन आहे, तोही हेच काम करतो. दोन्ही लावणं म्हणजे एकच काम दोनदा करणं.

मग उपयोगाचं काय? माझ्या मते दोनच गोष्टी.

पहिली ग्लिसरीन, आणि ती आपल्या घरात पूर्वीपासून आहे. आजीच्या काळी ग्लिसरीन आणि गुलाबपाणी निम्मं-निम्मं करून लावत, म्हणून ते चिकट व्हायचं. शंभर मिलिलिटरच्या बाटलीत एक छोटा चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर ग्लिसरीन पुरतं. हे ओल्या चेहऱ्यावर हाताने थापावं आणि ते वाळण्याआधी वरून क्रीम लावावं. क्रीमशिवाय, कोरड्या हवेत, तो ओलावा उडून जातो आणि थोड्या वेळाने चेहरा पुन्हा ओढल्यासारखा होतो. ज्याचं क्रीम एकट्याने पुरतं, त्याला याचीही गरज नाही. घरी केलेल्या मिश्रणात बुरशी रोखणारं काही नसतं. म्हणून एका वेळी वीस मिलिलिटर करावं, त्याला ग्लिसरीन वीस थेंबांच्या आसपास लागतं. बाटली फ्रिजमध्ये ठेवावी आणि चार-पाच दिवसांत संपवावी. वास बदलला किंवा ते गढूळ दिसलं तर ओतून टाकावं. गुलाबाच्या वासाने खाज येत असेल तर उकळून गार केलेलं पाणी घ्यावं, ओलावा धरायचं काम ग्लिसरीनच करतं.

दुसरी सॅलिसिलिक अ‍ॅसिड, दोन टक्क्यांपर्यंत. तेलकट नाक, काळे ठिपके, बारीक पुरळ यांसाठी हा टोनर खरा कामाचा, कारण हे आम्ल तेलात विरघळतं आणि रंध्रातल्या मळापर्यंत पोचतं. बहिणीच्या नाकावर हीच तक्रार होती. तिला मी सांगितलं ते असं: आठवड्यातून दोनच रात्री, फक्त नाक आणि हनुवटीवर, वर क्रीम. त्या रात्री रेटिनॉल नाही. सहा ते आठ आठवडे वाट पाहायची. किंचित चुरचुर मिनिटभरात जाते. पण ती टिकली, सालपटं निघाली किंवा त्वचा ताणल्यासारखी चकाकू लागली, तर आठवडाभर थांबायचं. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

तिचा इसेन्स संपल्यावर तिने नवा आणला नाही. त्या पैशांत सनस्क्रीन आलं, आणि आता ती रोज सकाळी ते न कुरकुरता पुरेसं लावते.