दोन लेगची वजाबाकी : व्हर्टिकल स्प्रेडचा डेल्टा, थीटा आणि वेगा

ऑप्शन शिकवणाऱ्या वर्गांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘डेबिट स्प्रेडमध्ये वेळ आपल्या विरुद्ध असतो, क्रेडिट स्प्रेडमध्ये आपल्या बाजूने.’ म्हणजे पैसे देऊन स्प्रेड घेतला तर रोज थोडे झिजायचे आणि पैसे घेऊन केला तर रोज थोडे मिळायचे. वाक्य सुटसुटीत आहे, पाठ व्हायला सोपे आहे, आणि त्यावर विसंबून अनेक जण महिन्याच्या उत्पन्नाची गणिते मांडतात. मी वित्तशास्त्र कुठल्या विद्यापीठात शिकलो नाही. जे समजले ते पुस्तके, वही आणि स्प्रेडशीट यांच्या आधारे. त्यामुळे एखादे विधान पाठ करण्याआधी ते आकड्यांत उतरवून पाहायची सवय लागली आहे. हे विधान तसे उतरवले की टिकत नाही. ते का टिकत नाही, हे समजायला फक्त वजाबाकी यावी लागते.

व्हर्टिकल स्प्रेड म्हणजे एकाच निर्देशांकाचे, एकाच एक्सपायरीचे, एकाच जातीचे (दोन्ही कॉल किंवा दोन्ही पुट) दोन ऑप्शन. फरक फक्त स्ट्राइकचा. एक विकत घ्यायचा, दुसरा विकायचा. या दोन व्यवहारांना बाजारात ‘लेग’ म्हणतात. आपण निफ्टीचे उदाहरण घेऊ. निफ्टीचे ऑप्शन राष्ट्रीय शेअर बाजारात जून २००१ पासून आहेत आणि ते युरोपीय पद्धतीचे आहेत, म्हणजे त्यांचा हक्क एक्सपायरीच्याच दिवशी बजावता येतो. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

समजा निफ्टी २५,००० वर आहे, एक्सपायरीला ३० दिवस आहेत, आणि दोन्ही ऑप्शनच्या किमतीत गृहीत धरलेली अस्थिरता, म्हणजे आयव्ही, १२ टक्के आहे. हिशेब स्वच्छ राहावा म्हणून व्याजदर व लाभांश शून्य धरतो. आपण २५,००० चा कॉल घेतला आणि २५,५०० चा कॉल विकला. ब्लॅक आणि शोल्स यांच्या १९७३ च्या सूत्राने पहिल्याची किंमत ३४३.१ रुपये येते, दुसऱ्याची १५२.४. खिशातून गेले १९०.७ रुपये. जास्तीत जास्त तोटा तेवढाच, आणि जास्तीत जास्त नफा ५०० वजा १९०.७, म्हणजे ३०९.३.

आता ग्रीक. डेल्टा म्हणजे निफ्टी एक अंक हलला तर ऑप्शनची किंमत किती हलेल. थीटा म्हणजे बाकी सारे स्थिर राहून एक दिवस गेला तर किती. वेगा म्हणजे आयव्ही एक टक्का, समजा १२ वरून १३, झाली तर किती. (वेगा हे ग्रीक वर्णमालेतले अक्षरच नाही. कुणीतरी ते या पंगतीत बसवले आणि कुणी उठवले नाही.) तिन्हींचा अर्थ ‘एक गोष्ट बदलली तर किंमत किती बदलेल’ एवढाच आहे. स्प्रेडची किंमत ही दोन किमतींची वजाबाकी असल्यामुळे तिच्यातला बदल हाही दोन बदलांची वजाबाकीच असणार. पहिला कॉल ५१ पैशांनी वाढला आणि दुसरा २९ पैशांनी, तर माझ्या हाती २२ पैसे राहिले. निव्वळ ग्रीक काढण्याचा नियम एवढाच : घेतलेल्या लेगचा ग्रीक अधिक एकने गुणायचा, विकलेल्याचा उणे एकने, आणि बेरीज करायची.

```
                डेल्टा     थीटा     वेगा
+१ × २५०००     +०.५०७    −५.७२   +२८.५९
−१ × २५५००     −०.२८८    +४.८९   −२४.४७
निव्वळ          +०.२१९    −०.८३    +४.१२
```

घोळ होतो तो थीटाच्या रकान्यात. ऑप्शनचा स्वतःचा थीटा ऋण असतो, कारण दिवस गेला की त्याची किंमत झिजते. २५,५०० च्या कॉलचा थीटा उणे ४.८९ आहे. आपण तो विकला आहे, म्हणून उणे गुणिले उणे, अधिक ४.८९. काही अ‍ॅप ऑप्शनचा थीटा दाखवतात, काही तुमच्या पोझिशनचा, म्हणजे चिन्ह आधीच उलटवून. दुसऱ्या प्रकारच्या आकड्याला पुन्हा उणे एकने गुणले तर निव्वळ थीटा उणे १०.६१ दिसतो. पडताळा सोपा आहे. साध्या एकास एक स्प्रेडचा निव्वळ थीटा कोणत्याही एका लेगच्या थीटापेक्षा मोठा दिसला, तर चिन्ह चुकले आहे असे समजावे.

या कोष्टकातून पहिली लक्षात येणारी गोष्ट ही की वजाबाकीने तिन्ही गोष्टी सारख्या कमी केलेल्या नाहीत. नुसता कॉल घेतला असता तर त्याच्या तुलनेत डेल्टा निम्म्याहून थोडा कमी झाला, पण थीटा आणि वेगा सुमारे सातव्या हिश्शावर आले. ७५ चा लॉट धरला (हा आकडा बाजार वेळोवेळी बदलतो), तर नुसत्या कॉलची रोजची झीज ४२९ रुपये होती, ती स्प्रेडमध्ये ६२ झाली. आयव्ही एक टक्का उतरल्याचा फटका २,१४४ वरून ३०९ वर आला. दिशेवरचे मत बऱ्यापैकी राखायचे आणि वेळ व अस्थिरता यांच्यावरचा डाव लहान करायचा, हे स्प्रेडचे खरे काम.

आता निफ्टी एका रात्रीत ५०० अंक वर जाऊन २५,५०० ला उघडला असे समजा. दिवस तेवढेच, आयव्ही तीच. पुन्हा सूत्र चालवले तर घेतलेल्या लेगचा थीटा उणे ४.८९ आणि विकलेल्याचा अधिक ५.८३. निव्वळ थीटा अधिक ०.९४. वेगा २४.४७ वजा २९.१६, म्हणजे उणे ४.७०. डेल्टा मात्र ०.२१६, जवळजवळ होता तिथेच. स्प्रेड तोच आहे, काल पैसे देऊन घेतलेला डेबिट स्प्रेड. पण कालपर्यंत वेळ त्याला झिजवत होता आणि आज वेळ त्याला पोसतो आहे.

कारण असे. थीटा आणि वेगा स्ट्राइकच्या आसपास सर्वांत मोठे असतात आणि निफ्टी स्ट्राइकपासून दूर जाईल तसे उतरतात. प्रत्येक लेगची एक टेकडी आहे, तिचा माथा आपापल्या स्ट्राइकजवळ. निफ्टी घेतलेल्या स्ट्राइकजवळ असेल तर घेतलेली टेकडी उंच. विकलेल्याजवळ असेल तर विकलेली. दोन्ही टेकड्या एकाच उंचीला येतात ती जागा दोन स्ट्राइकच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या किंचित खाली असते. आपल्या उदाहरणात सुमारे २५,२३४. त्याच्या खाली वेळ विरुद्ध, वर वेळ बाजूने. दोन्ही आयव्ही सारख्या आणि व्याज शून्य असेपर्यंत थीटा व वेगा एकाच ठिकाणी चिन्ह बदलतात.

मग क्रेडिट स्प्रेडचे काय? निफ्टी पुन्हा २५,००० ला आणू आणि कॉलऐवजी पुट वापरू : २५,००० चा पुट घ्यायचा, २५,५०० चा विकायचा. घेतलेल्याची किंमत ३४३.१, विकलेल्याची ६५२.४. म्हणजे ३०९.३ रुपये हातात आले, शुद्ध क्रेडिट स्प्रेड. युरोपीय ऑप्शनमध्ये एकाच स्ट्राइकच्या कॉल आणि पुटच्या किमतींतला फरक निफ्टी वजा स्ट्राइक एवढाच असतो (इथे व्याज शून्य आहे), आणि त्या फरकात वेळ वा अस्थिरता यांना जागाच नाही. म्हणून पुटचा थीटा व वेगा कॉलइतकेच. डेल्टा प्रत्येक लेगमध्ये एकने कमी होतो, पण वजाबाकीत एकातून एक जातो. उणे ०.४९३ मधून उणे ०.७१२ वजा केले की तेच ०.२१९. निव्वळ थीटा उणे ०.८३, निव्वळ वेगा अधिक ४.१२. पैसे हातात आले आहेत आणि वेळ तरीही विरुद्ध आहे. व्याजदर साडेसहा टक्के धरला तर या दोन स्प्रेडच्या थीटात दिवसाला साधारण नऊ पैशांचा फरक पडतो, त्याहून अधिक नाही.

वर्गांतले वाक्य मग आले कुठून? तिथे बहुधा उदाहरण असते ते २५,००० चा पुट विकून २४,५०० चा घेण्याचे. त्यात विकलेला लेग बाजाराच्या जवळ असतो, घेतलेला दूर. अधिक ५.७२ आणि उणे ४.७६, निव्वळ अधिक ०.९५. वेळ खरोखर बाजूने. पण तो क्रेडिटमुळे नव्हे, बाजार विकलेल्या स्ट्राइकजवळ असल्यामुळे. याच दोन स्ट्राइकवर कॉलचा डेबिट स्प्रेड केला तरी थीटा हाच येईल. आणि निफ्टी घसरून २४,५०० च्या आसपास आला, की याच क्रेडिट स्प्रेडमध्ये वेळ विरुद्ध जातो, नेमका तेव्हा जेव्हा माणूस ‘थांबू या, थीटा मिळतोय’ म्हणून बसलेला असतो. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात वायदे-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात आढळले. त्यातला किती वाटा अशा थांबण्याचा, हे त्या आकड्यातून निघत नाही. पण थांबण्याची किंमत वजाबाकी करून आधी कळू शकते.

निफ्टी ५०० अंक चढला त्या रात्रीकडे परत जाऊ, कारण तिथे डेल्टाचाही पडताळा होतो. स्प्रेडची नवी किंमत ३०२.४, म्हणजे नफा १११.७. सुरुवातीच्या डेल्टाने अंदाज येत होता ०.२१९ गुणिले ५००, म्हणजे सुमारे ११०. जुळते. पण ‘बाजार विकलेल्या स्ट्राइकला पोहोचला, आता पूर्ण ३०९ मिळायला हवेत’ अशी अपेक्षा असणारा इथे गोंधळतो. उरलेला नफा एक्सपायरीपर्यंतच्या दिवसांत अडकलेला आहे. डेल्टाही दिवसांवर अवलंबून असतो. निफ्टी मधोमध २५,२५० ला असताना ३० दिवस आधी निव्वळ डेल्टा ०.२३ असतो आणि ३ दिवस आधी ०.६४. शेवटच्या आठवड्यात हाच शांत स्प्रेड जवळजवळ तिप्पट चपळ होतो, म्हणून महिन्याच्या सुरुवातीला लिहून ठेवलेले ग्रीक शेवटी वापरू नयेत.

सर्वांत जपून वापरायचा आकडा निव्वळ वेगाचा. अधिक ४.१२ म्हणताना आपण गृहीत धरतो की दोन्ही लेगची आयव्ही सारखीच हलेल. प्रत्यक्षात निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये खालच्या स्ट्राइकची आयव्ही सहसा वरच्यापेक्षा जास्त असते आणि दोन्ही पावले एकत्र टाकतातच असे नाही. समजा २५,००० ची आयव्ही १२ वरून ११ झाली आणि २५,५०० ची हललीच नाही. तोटा ४.१२ चा नाही, सुमारे २८.६ चा, लॉटमागे ३०९ ऐवजी २,१०० च्या वर. लहान निव्वळ आकडा दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून आलेला असतो, आणि त्यातला एकच हलला की लहानपणा संपतो. म्हणून मी वहीत निव्वळ ओळ लिहितो, पण तिच्या वर दोन्ही लेगच्या ओळी ठेवतो, आणि प्रत्येकीसमोर ऑप्शन चेनमधली त्या दिवशीची आयव्ही. दोन आयव्हींमधले अंतर कालच्यापेक्षा अर्धा टक्का जरी बदललेले दिसले, तर त्या दिवशी निव्वळ वेगा बाजूला ठेवून प्रत्येक लेगचा वेगा त्याच्या त्याच्या आयव्हीच्या बदलाने गुणतो आणि मग वजाबाकी करतो.