बॅकलॉग म्हणजे थकबाकी नव्हे

सांगलीतल्या एका औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याने बिलिंगचं सॉफ्टवेअर करायला दिलंय असं समजा. दर पंधरवड्याला त्याला अहवाल येतो. ६ जूनच्या अहवालात तीन ओळी आहेत. स्प्रिंट ६ : ५ पैकी ४ कामं पूर्ण. बॅकलॉग : ३८ वरून ४३. रिलीज १.२ : २० जूनऐवजी ४ जुलै.

व्यापारी मधल्या ओळीवर अडकतो आणि त्यात त्याची काही चूक नाही. आपल्याकडे बॅकलॉग हा शब्द घरात येतो तो इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाच्या राहिलेल्या विषयांमुळे, नाहीतर नोकरभरतीच्या अनुशेषाच्या बातमीतून. दोन्हीकडे अर्थ एकच : व्हायला हवं होतं, झालं नाही. मग चार कामं होऊनही आकडा वाढला, म्हणजे ही मंडळी मागे पडत चालली असंच कुणालाही वाटेल.

सॉफ्टवेअरमधला बॅकलॉग वेगळा. पुढे करायच्या कामांची, महत्त्वाच्या क्रमाने लावलेली ती यादी असते. तळाची कितीतरी कामं कुणी अजून कबूलही केलेली नसतात, नुसती नोंदून ठेवलेली असतात. आपल्या उदाहरणात ३८ मधून ४ झाली, उरली ३४. त्यात ९ नवी आली. त्यातल्या ३ सॉफ्टवेअरच्या चुका आहेत, दुरुस्त करायच्या. उरलेल्या ६ मागण्या व्यापाऱ्याच्याच काउंटरवरून आल्या आहेत : मुदत संपत आलेल्या औषधांची आगाऊ सूचना, केमिस्टने परत पाठवलेल्या मालाची नोंद, अशा. आकडा वाढण्यात वाईट काही नाही. वाईट आहे ते अहवालात ही फोड न देणं. नव्या कामांत मागण्यांपेक्षा चुका जास्त दिसू लागल्या, तर मात्र काळजी करावी.

स्प्रिंटबद्दल थोडक्यात. शब्द धावण्याच्या शर्यतीचा असला, तरी इथे तो घाईसाठी नाही, ठरलेल्या मुदतीसाठी वापरतात. मुदत जास्तीत जास्त महिनाभराची, बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांची. काम राहिलं म्हणून ती वाढवत नाहीत. राहिलेलं काम यादीत परत जातं. म्हणून पाचवं काम ‘नव्वद टक्के झालंय’ असं कुणी सांगितलं, तरी अहवालात ते शून्यच धरायचं. ही कडक शिस्त ग्राहकाच्या फायद्याची आहे, कारण तिच्यामुळेच वेगाचा खरा आकडा हाती येतो. गेल्या तीन स्प्रिंटमध्ये ४, ५ आणि ४ कामं झाली असतील, तर वेग साधारण चारचा.

आता तिसरी ओळ, पैशांशी सर्वांत जवळची. पूर्ण झालेली चार कामं व्यापारी दुकानातल्या संगणकावर शोधतो, तर एकही दिसत नाही. ती झाली आहेत, पण चाचणीच्या सर्व्हरवर. गोदामात माल बांधून तयार आहे, टेंपोत चढलेला नाही, तशी ही अवस्था. माल दुकानात पोचणं म्हणजे रिलीज. दरवेळी लगेच तो करत नाहीत, कारण परत आलेल्या मालाची नोंद सुरू झाली की साठ्याचा जुना हिशेब नव्या रचनेत हलवावा लागतो. त्यासाठी आधी बॅकअप घ्यायचा, बिलिंग बंद असताना बदल करायचा आणि बिघडलंच तर जुन्या आवृत्तीवर परत येण्याची वाट मोकळी ठेवायची.

मग ४ जुलै ही तारीख खरी धरायची का? त्यासाठी एकच प्रश्न विचारावा : या ४३ पैकी रिलीज १.२ साठी किती कामं लागतात? उत्तर आलं ११. दर स्प्रिंटला चार, म्हणजे तीन स्प्रिंट, सहा आठवडे. ६ जूनपासून सहा आठवडे म्हणजे १८ जुलै. अहवालातली तारीख आकड्यांत बसत नाही. शिवाय १८ तारखेला रिलीज म्हणजे जीएसटीआर-३बी भरण्याच्या २० तारखेच्या ऐन तोंडावर, हिशेबनीस सगळ्यात घाईत असताना.

हे गणित ढोबळ आहे. कामं सारख्या आकाराची नसतात. म्हणून काही कंपन्या कामांच्या संख्येऐवजी पॉइंट मोजतात. पॉइंट म्हणजे तास नव्हेत. एका कामाच्या मानाने दुसरं किती मोठं, याचा तो त्या टीमपुरता अंदाज असतो. त्यामुळे दोन कंपन्यांचे पॉइंट शेजारी ठेवून तुलना करू नये.

आता निर्णय व्यापाऱ्याकडे येतो. ११ पैकी ३ कामं पुढच्या रिलीजमध्ये ढकलली, तर आठ उरतात आणि दोन स्प्रिंटमध्ये ४ जुलै गाठता येते, मात्र जेमतेम. उधारीच्या मर्यादेची सूचना, विक्रेत्यांच्या कमिशनचा तक्ता आणि बिलावरचा नवा लोगो थांबू शकतात. परत आलेल्या मालाची नोंद थांबू शकत नाही, कारण ती आज वहीत होते आणि महिनाअखेरीला जुळत नाही.