सेन्सरची बॅटरी खाते कोण?

ईएसपी८२६६ ही चिप गाढ झोपेत जेमतेम २० मायक्रोअँपिअर घेते. जागी होऊन वाय-फाय लावले की हाच आकडा ७० मिलिअँपिअरच्या घरात जातो. तापमान मोजायला क्षणही लागत नाही. वेळ जातो तो राउटर शोधण्यात आणि त्याच्याकडून पत्ता मागण्यात.

दर १५ मिनिटांनी उठणाऱ्या सेन्सरला जोडणीसाठी ४ सेकंद लागतात असे धरा. दिवसाला साडेसात मिलिअँपिअर-तास त्यातच गेले! हेच काम १ सेकंदात उरकले, तर खर्च दोनाच्या आत येतो.

त्यासाठी पहिल्या जोडणीनंतर राउटरचा चॅनेल आणि बीएसएसआयडी झोपेतही टिकणाऱ्या आरटीसी मेमरीत ठेवतात. पुढच्या वेळी `WiFi.config()` ने आयपी पत्ता स्वतःच ठरवायचा आणि थेट हाक मारायची:

```
WiFi.begin(ssid, pass, channel, bssid);
```

मात्र राउटर कधीकधी आपणहून चॅनेल बदलतो. मग सेन्सर जुन्याच चॅनेलवर हाका मारत बसतो आणि बॅटरी उलट लवकर संपते. म्हणून दोनेक सेकंदांत जोडणी झाली नाही, तर साठवलेली माहिती पुसून नेहमीचा शोध घ्यायला लावा. ठरवलेला पत्ता राउटरच्या वाटपाच्या यादीबाहेरचाच निवडा, नाहीतर तो दुसऱ्या उपकरणालाही मिळू शकतो.